कडेवरचा २५ आणि आतला २४: शंकूची तिरकस उंची नेमकी कुठे वापरायची

रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीने फोनवर एक फोटो पाठवला. वहीचं पान, वर ट्यूबलाइटचा उजेड आणि उजव्या अर्ध्या भागावर तिच्याच हाताची सावली. आकृती ओळखीची होती: खाली वृत्तचिती आणि तिच्यावर तेवढ्याच तोंडाचा शंकू, शेतातल्या कणगीवर टोपी ठेवावी तसा. तळाशी आडव्या बाणावर १४ सेमी लिहिलेलं. उजवीकडे तळापासून टोकापर्यंत एक लांब उभा बाण, त्यावर ३४ सेमी. आणि शंकूच्या डाव्या कडेला चिकटून २५ सेमी. शंकूचं आणि वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ मिळून किती, आणि पूर्ण वस्तूचं घनफळ किती, असे दोन प्रश्न.

फोटोखाली तिने लिहिलं होतं, "मामा, ३४ वजा २५ म्हणजे खालच्या चितीची उंची ९ ना? पण मागचं उत्तर येतच नाहीये."

तिचं वक्रपृष्ठफळ ९४६ येत होतं, पुस्तकात ९९०. घनफळ २६६९.३३ येत होतं, पुस्तकात २७७२. सूत्रं सगळी बरोबर लिहिलेली, गुणाकारही बरोबर. मेख होती ती त्या ९ मध्ये.

३४ हे अंतर सरळ उभं मोजलेलं आहे. २५ हे अंतर उतारावरून मोजलेलं आहे. उभ्या अंतरातून उतरतं अंतर वजा करता येत नाही. भिंतीला तिरकी टेकवलेली २५ फुटी शिडी २५ फूट उंचीवर पोचत नाही. तिचा पाय भिंतीपासून ७ फूट लांब असेल तर टोक २४ फुटांवर टेकतं. शंकूची कड म्हणजे ती शिडी, शंकूचा मधला अक्ष म्हणजे भिंत आणि त्रिज्या म्हणजे पायाचं भिंतीपासूनचं अंतर. तळाचे १४ हा व्यास, म्हणजे त्रिज्या r = ७. कड l = २५. म्हणून शंकूच्या उभ्या उंची h साठी पायथागोरस:

h² = l² − r² = ६२५ − ४९ = ५७६, म्हणजे h = २४

शंकूची उंची २४, तर चितीची उंची ३४ − २४ = १०. एवढं कळवल्यावर तिने पाच मिनिटांत दोन्ही उत्तरं जुळवली. पण लगेच पुढचा प्रश्न आला, आणि तोच खरा प्रश्न होता: "मग २५ वापरायचा कुठे आणि २४ वापरायचा कुठे? मी दर वेळी पाठ करते आणि दर वेळी उलट करते."

पाठ करायची गरज पडू नये. शंकूला दोन उंच्या असतात. तिरकस उंची l ही बाहेरची: कडेला बोट लावून टोकापासून काठापर्यंत आलो की जेवढं अंतर होतं तेवढी. लंब उंची h ही आतली: टोकातून ओळंबा सोडला तर तळाच्या मध्यबिंदूपर्यंत जेवढा दोरा लागेल तेवढी. वक्रपृष्ठफळ म्हणजे बाहेरचं कातडं, त्याच्या सूत्रात बाहेरची l येते. घनफळ म्हणजे आत मावणारा माल, त्याच्या सूत्रात आतली h येते. भाचीचं शंकूचं वक्रपृष्ठफळ ५५० बरोबर आलं होतं ते यामुळेच, कारण तिथे २५ च हवा होता. चुकलं होतं ते चितीचं पृष्ठफळ आणि दोघांची घनफळं.

हे नुसतं सांगून पटत नाही, कागद कापला की पटतं. जाड कागदावर कंपासने १२.५ सेमी त्रिज्येचा कंस काढा आणि कोनमापकाने जवळजवळ १०१ अंशांची पाकळी आखा. चिकटवायला एका कडेला अर्धा सेमीची पट्टी जास्त ठेवा, पाकळी कापा आणि खारे दाणेवाला पुडा वळतो तशी वळवा. दोन्ही सरळ कडा एकमेकींना चिकटल्या की शंकू तयार. त्याच्या तोंडावर पट्टी ठेवली तर व्यास सुमारे ७ सेमी भरेल. कडेवरून मोजलं तर १२.५ सेमी, कारण कागदाची कड तीच आहे, ती कुठे ताणली गेली नाही की आखडली नाही. आता शंकू उपडा ठेवा आणि शेजारी पट्टी उभी धरून टोक कितव्या रेघेला येतं ते पाहा. १२ च्या आसपास. हा भाचीच्याच आकृतीतला शंकू आहे, बरोबर निम्म्या मापाचा.

आता चिकटवलेली कड सोडवा आणि कागद पुन्हा सपाट करा. समोर आहे ती वर्तुळपाकळी, आणि तिचं क्षेत्रफळ हेच शंकूचं वक्रपृष्ठफळ. पाकळीची त्रिज्या l आहे. तिचा वाकडा कंस म्हणजे मघाचं शंकूचं तोंड, म्हणून त्याची लांबी 2πr. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे कंसाची लांबी गुणिले त्रिज्या, भागिले २. हे त्रिकोणाच्या 'अर्धा गुणिले पाया गुणिले उंची'सारखंच आहे, फक्त पाया वाकडा आहे. म्हणून

½ × 2πr × l = πrl

या सगळ्या हिशेबात h कुठे आलीच नाही, आणि येणारही नाही. सपाट केलेल्या कागदावर लंब उंची नावाची रेघच नसते. ती फक्त कागद वळवल्यावर आतल्या पोकळीत जन्माला येते.

पाकळीचा कोन १०१ अंशच का घेतला, तर तो r आणि l च्या गुणोत्तरातून येतो. पूर्ण वर्तुळाचा परीघ 2πl, त्यातला 2πr एवढाच तुकडा आपण घेतला, म्हणून कोन ३६० च्या r/l पट. ७/२५ गुणिले ३६० म्हणजे १००.८ अंश. त्रिज्या जसजशी तिरकस उंचीच्या जवळ जाते तसतशी पाकळी पूर्ण वर्तुळाच्या जवळ येते आणि शंकू चपटा होत जातो. r आणि l सारखेच झाले तर पाकळी म्हणजे पूर्ण वर्तुळच, वळवायला काही उरत नाही, आणि h शून्य. म्हणजे l ही r पेक्षा नेहमी मोठीच असणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, फोटो वाचताना फार कामाला येते.

वृत्तचितीचं त्यामानाने सोपं आहे. २२ सेमी लांब आणि १२ सेमी रुंद पट्टी घ्या (चिकटवायला थोडी जास्त) आणि गुंडाळा. परीघ २२ आला की त्रिज्या ३.५, म्हणजे शंकूइतकंच तोंड. वक्रपृष्ठफळ म्हणजे त्या पट्टीचंच क्षेत्रफळ, लांबी 2πr गुणिले रुंदी h. उभ्या चितीची कड सरळ उभीच असते, त्यामुळे तिच्यात आतली उंची आणि बाहेरची उंची एकच. गल्लत फक्त शंकूत होते.

आता हे दोन्ही कागदी आकार ताटात घेऊन शंकू रव्याने काठोकाठ भरा आणि नळकांड्यात ओता. बरोबर तीन वेळा ओतावं लागतं. शंकूचं घनफळ त्याच तळाच्या आणि त्याच लंब उंचीच्या चितीच्या एक तृतीयांश असतं हे ग्रीकांना माहीत होतं. युक्लिडच्या बाराव्या ग्रंथात त्याची सिद्धता आहे, आणि आर्किमिडीज सांगतो की ही गोष्ट आधी डेमॉक्रिटसने सिद्धतेशिवाय मांडली आणि मग युडॉक्ससने सिद्ध केली. यात 'त्याच लंब उंचीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नळकांडं १२ सेमी उंच केलं म्हणून तीन वेळा रवा मावला. शंकूची कड १२.५ आहे म्हणून नळकांडंही १२.५ चं केलं असतं तर तिसऱ्या वेळीही ते वरून थोडं रिकामं राहिलं असतं. हे डोळ्यांनी दिसतं.

आता भाचीचं गणित पूर्ण मांडतो. r = ७, l = २५, शंकूची h = २४, चितीची उंची १०, आणि π साठी २२/७.

शंकूचं वक्रपृष्ठफळ πrl = २२/७ × ७ × २५ = ५५० चौसेमी.
चितीचं वक्रपृष्ठफळ 2πrh = २ × २२/७ × ७ × १० = ४४० चौसेमी.
दोन्ही मिळून ९९० चौसेमी.

तळाचं क्षेत्रफळ πr² = १५४ चौसेमी, ते एकदा काढून ठेवलं की घनफळांना दोनदा उपयोगी पडतं.
शंकूचं घनफळ ⅓ × १५४ × २४ = १२३२ घसेमी.
चितीचं घनफळ १५४ × १० = १५४० घसेमी.
एकूण २७७२ घसेमी.

प्रश्नात एकूण पृष्ठफळ विचारलं असतं तर तळाचं वर्तुळ एकदाच मिळवायचं: ९९० + १५४ = ११४४. शंकू आणि चिती जिथे जुळतात तिथलं वर्तुळ मोजायचं नाही, ते आत झाकलं गेलंय, त्याला हवा लागत नाही. शंकूचं एकूण पृष्ठफळ आणि चितीचं एकूण पृष्ठफळ वेगवेगळं काढून बेरीज करणारी मुलं हे वर्तुळ दोनदा धरतात, आणि उत्तर ३०८ ने जास्त येतं. फरक बरोबर ३०८ आला तर चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागत नाही.

आता फोटोकडे येऊ. पुस्तक समोर असताना जी गल्लत होत नाही ती फोटोत होते, कारण फोटोत बारीक खुणा मरतात. टोकापासून तळाच्या मध्याकडे जाणारी तुटक रेघ पुसट होते. तिच्या पायाशी काटकोनाचा छोटासा चौकोन असतो, तो सावलीत जातो. मग २५ हा आकडा कडेचा आहे की तुटक रेघेचा, हेच कळेनासं होतं. त्यात तिरकस उंचीचं अक्षर l हे छापील अक्षरात १ सारखं दिसतं, त्यामुळे 'l = 25' हे 'एक बरोबर पंचवीस' असं वाचलं जातं आणि मूल गोंधळून ती ओळच सोडून देतं.

अशा वेळी पट्टी घेऊन फोटो मोजायचा मोह होतो. तो टाळा. मी भाचीच्या फोटोवर मुद्दाम मोजून पाहिलं. १४ लिहिलेला तळ पडद्यावर ४.२ सेमी भरला. त्या प्रमाणात २५ ची कड ७.५ सेमी भरायला हवी होती, भरली ६.१. फोन तिरका धरला होता हे एक कारण, पण एकमेव नाही. आकृतीच मुळी थोडं वरून पाहिल्यासारखी काढलेली असते, म्हणून तर गोल तळ लंबगोल दिसतो. वरून पाहिलं की रुंदी तेवढीच राहते आणि उभी मापं आखडतात. शिवाय आकृती काढणाऱ्याने प्रमाण पाळलेलं असेलच असंही नाही. आकृतीतून कुठली रेघ कुठून कुठे जाते एवढंच घ्यायचं, लांबी घ्यायची ती लिहिलेल्या आकड्यावरूनच.

तळाच्या आकड्याचंही तसंच. बाण काठापासून काठापर्यंत गेला असेल तर व्यास, मधल्या टिंबापासून काठापर्यंत असेल तर त्रिज्या. टिंब फोटोत दिसत नसेल तर दोन्ही धरून पाहावं. १४ ही त्रिज्या धरली तर h² = ६२५ − १९६ = ४२९, h सुमारे २०.७१. व्यास धरला तर h बरोबर २४. शाळेतली गणितं बहुतेक वेळा ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ आणि ७-२४-२५ अशा त्रिकुटांवर बेतलेली असतात, त्यामुळे पूर्णांक आला की आपण आकृती नीट वाचली असं समजायला हरकत नाही. मात्र हा पुरावा नव्हे, खूण आहे. भाचीचं ३४ − २५ = ९ हेसुद्धा पूर्णांकच आलं होतं, आणि म्हणूनच तिला शंका आली नाही.

शब्दांतही एक संकेत आहे. गणितात नुसतं 'उंची' लिहिलं असेल तर ती लंब उंची. तिरकस असेल तर 'तिरकस उंची' असं स्पष्ट लिहितात. आणि मघाची कसोटी: कडेवरचा आकडा त्रिज्येपेक्षा लहान दिसत असेल, उदाहरणार्थ त्रिज्या ७ आणि कड २.५, तर तसा शंकू होऊच शकत नाही. तो २५ असणार आणि मध्ये दिसणारं टिंब कागदावरचा डाग असणार, किंवा त्रिज्या ०.७ असून तिचं टिंब फोटोत हरवलं असणार. मूळ पान मागवून घ्या.

आता एक गोष्ट, जी मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाचीने शंकूच्या घनफळात २४ ऐवजी २५ घातला तेव्हा १२३२ च्या जागी १२८३.३३ आलं. फरक जेमतेम चार टक्क्यांचा. इतक्या फरकाने उत्तर विचित्र दिसत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि मनात बसतं की 'दोन्ही उंच्या साधारण सारख्याच'. उंच, निमुळत्या शंकूत त्या खरंच जवळजवळ सारख्या असतात. पण शंकू चपटा असेल तर? r = १२, l = १३ घ्या. h येते ५. इथे ५ च्या जागी १३ घातला तर घनफळ २.६ पट होतं.

आणि रोजच्या जगातले बरेच शंकू चपटेच असतात. खळ्यावरची धान्याची रास घ्या. तिच्या आत पट्टी घालून लंब उंची मोजता येत नाही, बाहेरून दोर टाकून तिरकस उंची मात्र सहज मोजता येते. म्हणजे भाचीच्या फोटोसारखीच स्थिती: हातात l आहे, हवी आहे h.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इ. स. ११५० च्या सुमारास, या राशीसाठी 'राशिव्यवहार' नावाचं वेगळं प्रकरण आहे. त्यांनी उतार मोजण्याच्या फंदात न पडता राशीचा परीघ मोजायला सांगितला आणि उंची त्यावरून ठरवली: जाड दाण्याच्या राशीची उंची परिघाच्या दहावा भाग, बारीक दाण्याची अकरावा, आणि कुसळाच्या धान्याची नववा. बारीक दाणा जास्त घसरतो, रास पसरते. कुसळं एकमेकांत अडकतात, रास उभी राहते. मग घनफळासाठी नियम असा की परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. वरवर पाहता यात ना π आहे ना ⅓. पण π = ३ धरला तर परिघाचा सहावा भाग म्हणजेच त्रिज्या, आणि ⅓πr²h मधले ३ आणि ⅓ एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं r²h. म्हणजे हे आपलंच शंकूचं सूत्र आहे, आणि त्यात उंची घेतली आहे ती लंब.

त्यांचं उदाहरण सपाट जमिनीवरच्या ६० हात परिघाच्या जाड धान्याच्या राशीचं आहे. उंची ६ हात, परिघाचा सहावा भाग १०, म्हणून १०० × ६ = ६०० घनहात. आजचा π घेतला तर त्रिज्या ९.५५ येते आणि घनफळ सुमारे ५७३. स्थूल नियम म्हणून फरक पाच टक्क्यांच्या आत.

याच राशीवर दोर टाकला असता तर उतार भरला असता √(९.५५² + ६²), म्हणजे सुमारे ११.२८ हात. ६ च्या जागी हा आकडा कुणी घनफळात घातला असता तर ५७३ चे १०७७ झाले असते. भाचीला हा आकडा पाठवला तेव्हा तिने मोठ्याने वाचला, असं तिची आई म्हणाली: "पाचशे घनहात धान्य जास्त, जे खळ्यावर नाहीच." पण त्याच राशीवर पावसाच्या भीतीने ताडपत्री टाकायची असती, तर मात्र हिशेबात ११.२८ च लागले असते: २२/७ × ९.५५ × ११.२८, सुमारे ३३९ चौरस हात.